प्रतिष्ठानचं पैठण कसं झालं?

पैठणच्या शाळेत शिकणाऱ्या तुम्हाला हा प्रश्न कधी ना कधी पडला असेल. इतिहासाच्या पुस्तकात सातवाहनांची राजधानी म्हणून ‘प्रतिष्ठान’ येतं आणि कंसात ‘आजचे पैठण’ असं लिहिलेलं असतं. नकाशा उघडला तर गोदावरीच्या काठी, नाथसागराला लागून ‘पैठण’ दिसतं. प्रतिष्ठान कुठेच नाही. मग मधल्या काळात कोणी हे नाव बदललं? कोणत्या राजाने, कोणत्या वर्षी?

उत्तर असं की कोणीच बदललं नाही. पैठण हे प्रतिष्ठानच आहे. दोन हजारांहून जास्त वर्षं लोकांच्या तोंडी राहिलेलं तेच नाव आज आपल्याला असं ऐकू येतं. पण नुसतं ‘अपभ्रंश झाला’ म्हणून सोडून देण्यात मजा नाही. नाव कसंही, मनाला येईल तसं बदलत नाही. त्याच्या बदलाचे नियम आहेत, आणि ते नियम तुम्हाला स्वतःला वापरून बघता येतात. तेच इथे करू या.

‘प्रतिष्ठान’ हा संस्कृत शब्द. अर्थ पक्का पाया, घट्ट उभं राहण्याची जागा. संस्कृतमधून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना शब्दांतल्या ठरावीक आवाजांचं ठरावीक काहीतरी होतं. एका शब्दात जे होतं तेच तशाच दुसऱ्या शब्दातही होतं. म्हणून आपण प्रतिष्ठानचा एकेक तुकडा घेऊ आणि प्रत्येक वेळी रोजच्या मराठीतला एखादा शब्द साक्षीला बोलावू.

पहिला तुकडा ‘प्र’. शब्दाच्या सुरुवातीच्या जोडाक्षरातला ‘र’ प्राकृतात टिकत नाही. ग्रामचं गाव झालं, भ्रातृचा भाऊ झाला, दोन्हीकडे ‘र’ गेला. तसाच प्रचा ‘प’ झाला.

दुसरा तुकडा ‘ष्ठ’. ‘ष’ आपल्या शेजारच्या अक्षरात मिसळून जातो आणि ‘ट्ठ’ असा जोरकस आवाज उरतो. पुढे मराठीत त्याचा साधा ‘ठ’ होतो. ओष्ठचा ओठ, कोष्ठचा कोठा, मुष्टीची मूठ, अष्टचे आठ. इथपर्यंत आलो की प्रतिष्ठानचं ‘पतिट्ठान’ झालेलं असतं. हे मी कल्पनेने बनवलेलं रूप नाही, ते दगडावर कोरलेलं आहे. त्याकडे थोड्या वेळात येतो.

तिसरा तुकडा ‘ति’ मधला ‘त’. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा ‘त’, ‘द’, ‘क’ किंवा ‘ग’ महाराष्ट्री प्राकृतात हळूहळू गळून पडतो. भ्रातृमधला ‘त’ असाच गेला, म्हणून आपण भाऊ म्हणतो. पादमधला ‘द’ गेला आणि पाय उरला. पतिट्ठानमधला ‘त’ गेला की ‘इ’ उघडी पडते: पइट्ठान. मग ‘अ’ आणि ‘इ’ शेजारी आले की तोंडात त्यांचा ‘ऐ’ होतो. उपविष्ट, म्हणजे बसलेला, या शब्दापासून ‘बैठा’ आणि ‘बैठक’ आले, तिथेही हेच घडलं. बैठक आणि पैठण हे दोन शब्द एका लयीत का वाटतात, त्याचं कारण हे आहे.

चौथा तुकडा ‘न’. पानीयचं पाणी, मनुष्यचा माणूस, तसा नचा ‘ण’. आणि शेवटी ‘ठा’ आखूड होऊन ‘ठ’ झाला. याची साक्ष जरा उदास शब्दाची आहे, पण चपखल आहे: श्मशानचं आधी मसाण झालं आणि मग मसण. शब्दाच्या शेवटचा लांब ‘आ’ इथेही आखूड झाला.

सगळं ओळीने लिहिलं तर असं दिसेल: प्रतिष्ठान, पतिट्ठान, पइट्ठाण, पैठाण, पैठण. यातली एकही पायरी पैठणसाठी खास बनवलेली नाही. प्रत्येक पायरीवर दुसरे शब्दही चढलेले आहेत. म्हणूनच आपण खात्रीने बोलू शकतो.

नियमाने जुळलं, एवढं पुरेसं नाही. या मधल्या पायऱ्या खरंच कोणी बोलत होतं का, याचा पुरावा हवा. पैठणच्या बाबतीत तो मिळतो, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग तोच आहे.

कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. हे लेख साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले मानले जातात. त्यातल्या एका लेखात मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने दिलेल्या दानाची नोंद आहे. तो कुठला? लेख सांगतो, ‘पतिठान’चा. त्या काळी ब्राह्मीत कोरताना दुहेरी अक्षर एकदाच लिहायची पद्धत होती, म्हणून ‘पतिठान’ हे ‘पतिट्ठान’ असं वाचायचं. आपली दुसरी पायरी ही. ‘र’ गेलेला आहे, ‘ष’ गेलेला आहे, ‘त’ अजून जागेवर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा पैठणचा एक व्यापारी आपल्या गावाचं नाव कसं लिहवून घेत होता, ते तुम्ही आज तिथे जाऊन पाहू शकता.

दुसरा पुरावा समुद्रापलीकडचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एक प्रवासपुस्तिका लिहिली गेली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखतात. लेखकाचं नाव तिच्यात नाही, पण त्याला भारताच्या किनाऱ्यावरच्या बंदरांची आणि मालाची चांगली माहिती होती. तो लिहितो की बारिगाझापासून, म्हणजे आजच्या भरूचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैथाना’ नावाचं शहर आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर आहे. या शहरांतून रंगीत मौल्यवान खडे आणि कापड गाड्यांत भरून भरूचला जात असे. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमी या भूगोलतज्ज्ञाने याच शहराचं नाव ‘बैथाना’ असं दिलं आणि ते राजाचं ठाणं असल्याचं नोंदवलं. राजाचं नाव त्याने ग्रीक वळणाने लिहिलं आहे, पण तो सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे ओळखू येतं.

या ग्रीक रूपांत काय नाही ते बघा. ‘ति’ नाही. ग्रीकांकडे ‘ठ’ आणि ‘ण’ नव्हते, त्यामुळे त्यांनी जवळची अक्षरं वापरली. टॉलेमीच्या नोंदीत तर ‘प’चा ‘ब’ झाला आहे. पण ‘त’ त्यांच्याकडे होता. तो ऐकू आला असता तर त्यांनी लिहिला असता. याचा अर्थ असा की पहिल्या शतकात भरूचच्या बंदरावर माल उतरवणारे लोक बोलताना ‘पतिट्ठान’ म्हणत नव्हते, ‘पइट्ठाण’सारखं काहीतरी म्हणत होते. आपली तिसरी पायरी.

इथे एक सावधपणा हवा. दगडावर पतिठान आणि ग्रीक पुस्तिकेत पैथाना आहे म्हणून ‘त’ बरोबर या दोन नोंदींच्या मधल्या काळातच गेला, असं म्हणता येत नाही. कोरून घेणारा माणूस गावाचं नाव थोडं जपून, जुन्या वळणाने लिहवतो. बोलण्यात ‘त’ आधीच गेला असेल आणि लिहिण्यात राहिला असेल. परदेशी माणसाला मात्र ‘बरोबर’ रूप कोणतं हे माहीत नसतं, तो जे कानावर पडेल ते लिहितो. म्हणून गावांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्यांना परदेशी प्रवाशांच्या नोंदी फार मोलाच्या वाटतात. त्यांची अक्षरं चुकतात, पण आवाजाची बातमी खरी असते.

आता तुम्ही विचाराल, इतक्या लवकर लोक पैठणसारखं काही म्हणायला लागले होते, तर ‘प्रतिष्ठान’ हे नाव आपल्यापर्यंत पोहोचलं कसं? ते संस्कृतात लिहिणाऱ्यांमुळे पोहोचलं. पैठणला राष्ट्रकूट राजा गोविंद तिसरा याचा इसवी सन ७९४ मधला ताम्रपट सापडला. त्यात गावाचं नाव ‘प्रतिष्ठान’ असंच आहे, कारण ताम्रपट संस्कृतात आहे आणि संस्कृतात लिहिताना नावाचं संस्कृत रूपच वापरायचं असा रिवाज होता. म्हणजे शेकडो वर्षं एकाच गावाची दोन रूपं शेजारी शेजारी नांदत होती. लेखणीत प्रतिष्ठान, तोंडात पइट्ठाण किंवा पैठण. आपण ‘जुनं नाव’ आणि ‘नवं नाव’ म्हणतो तेव्हा असं वाटतं की एक संपलं आणि दुसरं सुरू झालं. तसं झालेलं नाही. आणि पैठणीला पैठणी म्हणतात, प्रतिष्ठानी नाही, हेही याच कारणाने. वस्त्राला नाव दिलं ते विणणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी, म्हणजे बोलणाऱ्यांनी.

पेरिप्लसमधलं ‘तगर’ आठवतंय? तेही आज नकाशावर नाही. धाराशिव जिल्ह्यातलं ‘तेर’ आहे. तगरमधला ‘ग’ दोन स्वरांच्या मध्ये होता, तो गळाला, ‘तयर’ झालं आणि त्याचं तेर. तुम्ही तिसरी पायरी नीट वाचली असेल तर हे मी न सांगताही तुम्हाला जमलं असतं.

नियम हातात आले की त्यांचा दुसरा उपयोगही करता येतो. एखादी जोडी खोटी आहे का, ते तपासता येतं. दोन उदाहरणं घेऊ.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांत रठिकांच्या सोबत ‘पेतेनिक’ नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. ते पैठणचे लोक असावेत असं काही जुन्या अभ्यासकांनी सुचवलं. ऐकायला ते छान वाटतं, पैठणचं नाव थेट अशोकापर्यंत जातं. पण आपल्या पायऱ्या लावून बघा. पैठणच्या प्रत्येक रूपात ‘ठ’ आहे, त्याला वर ‘ष्ठ’पासूनचा आधार आहे. पेतेनिकमध्ये ‘ठ’च्या जागी साधा ‘त’ आहे. त्याहून अडचणीचं म्हणजे, अशोकाच्या नंतरच्या पितळखोऱ्याच्या लेखात ‘पति’ शाबूत आहे आणि त्याच्या आधीच्या लेखात मात्र ‘पे’ झालेलं, असं मानावं लागेल. म्हणून इतर अभ्यासकांनी ही जोडी नाकारली. मलाही ती पटत नाही. नावं कानाला सारखी वाटणं हा पुरावा नाही, प्रत्येक आवाजाचा हिशोब लागला पाहिजे.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं आहे. प्रयागच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या काठावर ‘झूसी’ नावाचं गाव आहे. त्याचंही जुनं नाव प्रतिष्ठान. पुराणांतल्या पुरूरवा राजाची राजधानी म्हणून ज्या प्रतिष्ठानाची गोष्ट येते, ते हे. म्हणजे भारतात दोन प्रतिष्ठानं होती. एकाचं पैठण झालं आणि दुसऱ्याचं झूसी. आता प्रतिष्ठानपासून झूसीपर्यंत पायऱ्या लावायचा प्रयत्न करा. जमणार नाही. ‘झ’ कुठून आणणार, ‘ठ’ कुठे घालवणार? तिथे नाव झिजलेलं नाही. एक नाव गेलं आणि त्या जागी वेगळंच नाव आलं.

मग जुन्या ग्रंथात नुसतं ‘प्रतिष्ठान’ असं दिसलं तर ते कोणतं समजायचं? ते नावावरून कळत नाही, आजूबाजूच्या माहितीवरून कळतं. ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात बावरी नावाच्या आचार्याचे शिष्य गोदावरीच्या परिसरातून उत्तरेला निघतात. त्यांच्या वाटेवरची गावं क्रमाने दिली आहेत: मूलक देशातलं पतिट्ठान, मग नर्मदेकाठची माहिष्मती, मग उज्जैन. नर्मदेच्या आणि उज्जैनच्या आधी लागणारं, गोदावरीकडचं पतिट्ठान हे आपलंच असणार. पेरिप्लसमध्ये भरूचपासूनची दिशा आणि दिवस दिले आहेत, तेही आपल्याकडेच बोट दाखवतात. शिवाय पैठणच्या पांढरीच्या टेकाडांत उत्खनन झालं तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तीचे थर मिळाले. नावाचा आवाज, वाटेचं वर्णन आणि जमिनीखालचा पुरावा, तिन्ही एका जागी येतात तेव्हाच पुस्तकात कंसात ‘आजचे पैठण’ असं लिहिता येतं.

नाव झिजणं आणि नाव बदलणं यातला फरक पाहायला प्रयागपर्यंत जायची गरज नाही. तुमच्या जिल्ह्याचं ठिकाण पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये तिथे शहर वसवलं तेव्हा त्या जागेचं नाव खडकी होतं. त्याचा मुलगा फतेहखान याने १६२६ मध्ये ते फतेहनगर केलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६५३ मध्ये त्याचं औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये शासनाच्या निर्णयाने ते छत्रपती संभाजीनगर झालं. इथे प्रत्येक बदलाला एक वर्ष आहे आणि ठरवणारा कोणीतरी आहे. पैठणच्या बदलाला ना वर्ष आहे ना माणूस.

हुकमाने होणाऱ्या बदलाचीही एक वाट असते. आजच्या काळात गावाचं किंवा शहराचं नाव बदलायचं तर राज्य सरकार प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवतं. तिथे रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांना विचारलं जातं, कारण त्या नावाचं दुसरं ठिकाण आधीच असेल तर पत्रं, गाड्या आणि नकाशे यांचा घोळ होईल. त्यांची हरकत नसली आणि केंद्राची संमती आली की राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. त्या दिवसापासून नाव कायद्याने बदलतं. पण सगळ्या पाट्या त्याच दिवशी बदलत नाहीत. छत्रपती संभाजीनगर शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं आणि तिथल्या रेल्वे स्थानकाचं २०२५ मध्ये. मधल्या काळात छापलेल्या दोन नकाशांवर दोन नावं दिसली, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. कोणताही जुना नकाशा हातात आला की आधी त्याचं छापल्याचं वर्ष शोधा, मग नावं वाचा.

नकाशाचा अजून एक प्रश्न उरतो, तो अक्षरांचा. फोनवरच्या नकाशात गावाचं नाव बहुतेक वेळा Paithan असं रोमन अक्षरांत दिसतं. रोमन लिपीत ‘ठ’ आणि ‘थ’ दोन्ही th ने लिहितात, ‘ण’ आणि ‘न’ दोन्ही n ने. ज्याने गावाचं नाव कधी ऐकलं नाही तो हे सहज ‘पैथन’ असं वाचेल, आणि त्याने ते पुन्हा देवनागरीत उतरवलं तर पाटीवरही ‘पैथन’ येईल. गंमत म्हणजे हे रूप पेरिप्लसच्या ‘पैथाना’च्या फार जवळ जातं. कारणही तेच, लिहिणाऱ्याच्या लिपीत ‘ठ’ आणि ‘ण’ नाहीत. पण हे नावाचं झिजणं नाही, ही फक्त लिप्यंतराची चूक आहे आणि ती दुरुस्त करता येते. पुण्याचं पूना आणि ठाण्याचं ठाणा असं इंग्रजी कागदांवर दिसायचं, तेही याच जातीचं. त्या काळातही पुण्याचे लोक पुणे असंच म्हणत होते.

तुमच्या वाडीचं, शेजारच्या गावाचं किंवा आजोळचं नाव असंच तपासायचं असेल तर तीन ठिकाणी बघा. सातबारा किंवा गावाच्या जुन्या महसुली कागदावर नाव कसं लिहिलं आहे, गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या तोंडी ते कसं येतं, आणि देवळातल्या किंवा वेशीवरच्या शिलालेखात ते असेल तर तिथे कसं आहे. मग जुन्या रूपापासून नव्या रूपापर्यंत पायऱ्या लावा आणि प्रत्येक पायरीला दुसरा मराठी शब्द साक्षीला शोधा. साक्ष मिळाली तर नाव झिजलं आहे. अर्ध्या वाटेत पायरी तुटली तर नाव बदललेलं असू शकतं, किंवा जुनं म्हणून सांगितलेलं नाव नंतर कोणीतरी कानाला बरं वाटलं म्हणून जोडलेलं असू शकतं. यातलं कोणतं खरं, ते ठरवायला पेरिप्लससारखा बाहेरचा एखादा साक्षीदार लागतो. तो मिळेपर्यंत वहीत त्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.